एका बाथरूमच्या नूतनीकरणाचं नियोजन: पैसे, परवानग्या, कामांचा क्रम आणि राखीव दिवस

नूतनीकरणाची कामं लांबतात तेव्हा दोष बहुतेक वेळा कारागिरांवर जातो. प्रत्यक्षात बराचसा उशीर घरमालकाच्या बाजूने, तोही काम सुरू होण्याआधीच ठरून गेलेला असतो. टाइल्स निवडल्या नाहीत तोवर फोडकाम सुरू होतं, परवानगीचा अर्ज आणि मिस्त्रीची तारीख एकाच आठवड्यात ठरते, आणि सिमेंट वाळायला लागणारे दिवस कोणीच मोजत नाही. म्हणून या लेखात पूर्ण घराऐवजी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: जुन्या इमारतीतला फ्लॅट, त्यात एकच बाथरूम, आणि ते पूर्ण उकलून नव्याने करायचं आहे. घरातली सगळी कारागिरी या चार चौरस मीटरांत एकमेकांच्या पायात येते. हे काम नीट आखता आलं तर स्वयंपाकघर किंवा सगळं घर त्याच पद्धतीने आखता येतं.

## टप्पा १: काय हलवायचं आणि काय जागेवर ठेवायचं

पहिला निर्णय टाइल्सच्या रंगाचा नसतो, कमोडच्या जागेचा असतो. खर्च, परवानगी आणि दिवस या तिन्हींवर त्याचा सगळ्यात मोठा परिणाम होतो.

समजा कमोड आहे तिथून दोन मीटर पलीकडे न्यायचा आहे. त्याची नळी ११० मिलिमीटरची, म्हणजे ११ सेंटिमीटर व्यासाची असते. मैला वाहून जायला तिला चाळीसास एक असा उतार दिला तर मीटरमागे अडीच सेंटिमीटर, दोन मीटरला ५ सेंटिमीटर लागतात. झाले १६. त्यावर कोबा आणि टाइल धरली की जमीन जवळजवळ २० सेंटिमीटर वर येते. बाथरूमचा स्लॅब मुळातच खाली घेतलेला असेल तर ही नळी त्या खोलीत बसते. नसेल तर दारात पायरी करावी लागते किंवा नळी खालच्या घराच्या छतातून न्यावी लागते, आणि त्यासाठी खालच्यांची संमती लागते. कमोड आहे त्याच जागी ठेवला तर हा सगळा प्रश्नच उरत नाही. वॉश बेसिन हलवणं त्या मानाने सोपं, कारण त्याची नळी बारीक असते.

तसाच प्रश्न जुनी फरशी न काढता तिच्यावर नवी बसवण्याचा. वेळ वाचतो, पण ५ सेंटिमीटर सिमेंट-वाळूचा थर चढला तर चौरस मीटरमागे साधारण १०० किलो वजन वाढतं, आणि खालचं जुनं वॉटरप्रूफिंग होतं तसंच राहतं. ज्या बाथरूममधून आधीच पाणी झिरपतंय तिथे हा मार्ग घेऊ नये.

तपासा: फोडकामाच्या आधी पुढच्या वस्तू नुसत्या आवडलेल्या नकोत, मॉडेलसकट ठरलेल्या हव्यात: कमोड, बेसिन, नळ, पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा डायव्हर्टर, गीझर, नहाणी ट्रॅप आणि टाइलचा आकार. भिंतीतल्या नळ्यांची उंची आणि विजेचे पॉइंट या यादीवरूनच काढले जातात.

## टप्पा २: बजेट, राखीव रक्कम आधी बाजूला काढून

बहुतेक जण कोटेशन घेतात, ते खिशात बसतं का पाहतात आणि उरलं तर राखीव ठेवतात. क्रम उलटा हवा. खर्च करता येईल अशी एकूण रक्कम १०० भाग माना. जुन्या इमारतीत त्यातले २० भाग आधीच बाजूला काढा. इमारत अलीकडची असेल आणि नळ्यांचे नकाशे हाती असतील तर १० ते १५ पुरतात. आणखी ५ भाग अशा खर्चासाठी ठेवा जो कंत्राटात कधीच नसतो: परवानगीचं शुल्क, अनामत, राडारोडा उचलून नेणं, सामान झाकणं, आणि घरात एकच बाथरूम असेल तर काही दिवस दुसरीकडे राहणं. एकच बाथरूम असताना या शेवटच्या खर्चाचा खरा अंदाज काढा, तो ५ भागांत मावेलच असं नाही. आमच्या उदाहरणात तो मावतो असं धरू. उरले ७५ भाग. कोटेशन या ७५ भागांत बसायला हवं.

राखीव रकमेचे पुन्हा दोन कप्पे करा. १४ भाग दडलेल्या दोषांसाठी, ६ भाग तुमच्या स्वतःच्या बदलांसाठी. दोन्ही पैसे एकाच कप्प्यात ठेवले की महागडा शॉवर पहिल्याच आठवड्यात घेतला जातो आणि स्लॅबमधली गंजलेली सळी दिसते तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

कोटेशन कामवार आणि मोजमापासह मागा. ‘बाथरूम पूर्ण, एकरकमी’ असा एकच आकडा आला तर त्यात काय नाही हे काम चालू झाल्यावरच कळतं. फोडकाम किती चौरस मीटर, राडारोडा कोण उचलणार, वॉटरप्रूफिंग कुठल्या साहित्याचं, किती हातांचं आणि भिंतीवर किती उंचीपर्यंत, खाचा बुजवण्याचं काम प्लंबरचं की गवंड्याचं, हे लिहून घ्या. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण खाचा बुजवणं दोघांच्याही हिशेबात नसल्यामुळे काम दोन-तीन दिवस नुसतं पडून राहिलेलं पुष्कळदा दिसतं.

पैसे तारखेवर देऊ नका, टप्प्यावर द्या: फोडकाम झाल्यावर, नळ्यांची चाचणी झाल्यावर, वॉटरप्रूफिंगची चाचणी झाल्यावर, टाइल्स झाल्यावर. शेवटचे ५ ते १० टक्के मागे ठेवायचे, आणि ते कधी देणार हे कंत्राटातच लिहायचं.

## टप्पा ३: परवानग्या

नियम जागोजाग वेगळे असतात, पण प्रश्न सगळीकडे जवळपास सारखेच येतात. इमारतीची समिती किंवा घराचा मालक काय मागतो? स्थानिक पालिकेची परवानगी लागते का? वीज आणि गॅसच्या कामाला परवानाधारक माणूसच हवा का? तिन्हींची उत्तरं लेखी घ्या, तोंडी ‘चालेल’वर कामाची तारीख ठरवू नका.

आतल्या आत टाइल्स आणि नळ बदलायला अनेक ठिकाणी समितीची परवानगी पुरते. पण भिंत पाडणं, खिडकीचं माप बदलणं, बाथरूमची जागा बदलणं किंवा स्लॅबला भोक पाडणं यातलं काहीही असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी दाखवा आणि त्याचं पत्र अर्जाला जोडा. बीम, कॉलम आणि स्लॅबमधली सळी तोडायची नाही, मग नळी कितीही अडत असो.

समितीकडून परवानगीसोबत आणखी चार गोष्टी विचारून घ्या: ठोकाठोकीच्या वेळा, लिफ्टमधून सामान नेता येतं का, राडारोडा कुठे आणि किती दिवस ठेवता येतो, आणि इमारतीचं पाणी बंद करायला किती आधी कळवावं लागतं. दिवसाला चारच तास ठोकाठोकीची मुभा असेल तर दोन दिवसांचं फोडकाम चार दिवसांचं होतं.

खालच्या घरात जाऊन तुमच्या बाथरूमखालच्या छताचे फोटो आधीच काढून ठेवा, त्या घरच्यांच्या समोर. आधीपासूनचा डाग कोणता आणि तुमच्या कामामुळे पडलेला कोणता, यावरचा वाद पुढे याच फोटोंनी मिटतो.

सावधान: परवानगी हातात येईपर्यंत कंत्राटदाराला पक्की तारीख देऊ नका. एकदा ठरलेली तारीख हुकली की तो दुसरं काम घेतो आणि तुमचा नंबर त्या कामानंतर लागतो. आठ दिवस उशिरा आलेला कागद असा महिनाभराचा उशीर घडवतो.

## टप्पा ४: कॅलेंडरवर हाताचे दिवस आणि वाळायचे दिवस

आता आमच्या बाथरूमचे दिवस मांडू. फोडकाम आणि राडारोडा ४ दिवस. नळ्या आणि वायरिंग ४. खाचा बुजवणं, प्लास्टर आणि जमिनीचा ढाळ ३. वॉटरप्रूफिंगचे दोन हात २. टाइल्स ५. ग्राउट १. छत, दार आणि रंग ४. नळ, कमोड, आरसा, दिवे बसवणं २. बेरीज २५ दिवस. कंत्राटदार ‘चार आठवडे’ म्हणतो तेव्हा तो हेच मोजत असतो, आणि त्याचं चुकत नाही.

या यादीत कुणाचाही हात न लागणारे दिवस मात्र नाहीत. नळ्यांच्या दाबचाचणीचा १ दिवस, प्लास्टर आणि कोब्याला पाणी मारत ठेवायचे ७, वॉटरप्रूफिंग वाळायचे ३ (डब्यावर लिहिलेला आकडाच धरावा), पाणी भरून ठेवायचे २, टाइल्सनंतर ग्राउटआधी १. हे १४ दिवस. एकूण ३९, आणि कामाच्या २५ दिवसांत येणाऱ्या सुट्ट्या धरल्या की सहा आठवड्यांच्या थोडं पुढे जातं. चौथ्या आठवड्यात घाई सुरू होते ती इथेच, आणि घाईत कापले जातात ते हे वाळायचे दिवस. ओल्या कोब्यावर वॉटरप्रूफिंग मारलं की आतली वाफ बाहेर पडताना थराला फुगे येतात, आणि ते टाइलखाली झाकले जातात.

राखीव वेळ या ३९ दिवसांच्या सुमारे पाव हिस्सा, म्हणजे १० दिवस धरा. ते प्रत्येक कामात एक-एक असे वाटू नका. वाटलेला दिवस त्या त्या कामातच विरून जातो. ५ दिवस फोडकामानंतर ठेवा, कारण दडलेलं सगळं तिथेच उघडं पडतं, आणि ५ दिवस शेवटी. घरी परतायची तारीख आठव्या आठवड्याच्या अखेरीची सांगा.

बाहेरून मागवायच्या वस्तूंसाठी याच कॅलेंडरवर उलटं मोजत या. टाइल्स सत्ताविसाव्या दिवसाच्या आसपास लागणार, तर त्या फोडकामाआधीच घरात किंवा दुकानाच्या गोदामात असाव्यात. १० टक्के जास्त घ्या, तिरकी मांडणी असेल तर १५, आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते पाहा. कमी पडल्यावर आणलेल्या चार टाइल्स दुसऱ्या बॅचच्या निघाल्या तर छटेतला फरक भिंतीवर लगेच दिसतो.

## टप्पा ५: कामांचा क्रम

फोडकाम. पाणी आणि वीज बंद, निचऱ्याची सगळी तोंडं कापड किंवा झाकण लावून बंद. सिमेंटचा एक ढेकूळ मुख्य नळीत पडला तर पूर्ण इमारतीचा त्रास होतो. खूप जुन्या बांधकामात अॅस्बेस्टॉसचे पत्रे किंवा नळ्या असण्याची शंका आली तर त्या फोडू नका, जाणकाराकडून तपासून घ्या.

फोडकाम संपलं की एक दिवस काम थांबवून इंजिनिअर, प्लंबर आणि कंत्राटदार यांच्यासोबत उघडी जागा पाहा. आमच्या उदाहरणात जुनी बिडाची नळी सांध्यावर गंजलेली निघाली आणि स्लॅबच्या एका कोपऱ्यात सळी उघडी पडली. दुरुस्तीचे ८ भाग गेले, दडलेल्या दोषांच्या कप्प्यात १४ पैकी ६ उरले. अर्ध्यापेक्षा जास्त कप्पा इथेच संपला तर त्याच दिवशी यादीतलं काहीतरी गाळायचं, हा नियम आधीच ठरवून ठेवा. काय गाळणार तेही आधीच लिहिलेलं असावं: छतापर्यंतच्या टाइल्सऐवजी सव्वादोन मीटरपर्यंत, किंवा काचेचं पार्टिशन नंतर. वॉटरप्रूफिंग आणि नळ्या या यादीत कधीच नसाव्यात.

नळ्या आणि वायरिंग. विटांच्या भिंतीत खाच किती खोल घ्यायची याचा रुळलेला नियम असा आहे: उभी खाच भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, आडवी सहाव्या हिश्श्यापर्यंत. १० सेंटिमीटर जाडीच्या भिंतीत आडवी खाच दीड-पावणेदोन सेंटिमीटरच भरते, त्यात पाण्याची नळी लपत नाही. म्हणून नळ्या जमिनीलगत किंवा छताजवळून फिरवून उभ्या खाली-वर घ्यायच्या, किंवा पुढे बॉक्सिंग करायचं.

इथे एक गोष्ट जवळ जाऊन पाहण्यासारखी आहे. भिंतीत गाडायच्या डायव्हर्टरवर प्लास्टिकचं आवरण असतं आणि त्यावर कमीत कमी व जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग या दोन खुणांच्या मध्येच यायला हवा. त्यामुळे प्लंबरला प्लास्टर, चिकटवायचा थर आणि टाइल या तिघांची मिळून जाडी आधी सांगावी लागते. ती न सांगता अंदाजाने बसवलं तर डायव्हर्टर एवढा आत जातो की वरची मूठ बसत नाही, आणि उपाय एकच उरतो: नवी टाइल फोडणं. टाइल आधी ठरवायची ती यासाठीही.

चाचणी १: खाचा बुजवण्याआधी सगळ्या नळ्या बंद करून पंपाने दाब द्या, नेहमीच्या दाबाच्या दीडपट. काटा काही तास स्थिर राहिला पाहिजे. मग मोजपट्टी भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा.

प्लास्टर, ढाळ, वॉटरप्रूफिंग. जमिनीला नहाणी ट्रॅपकडे मीटरमागे १० ते १२ मिलिमीटर ढाळ हवा, आणि तो कोब्यातच द्यायचा, टाइल लावताना नव्हे. तसं केलं नाही तर टाइलखाली झिरपलेलं पाणी थरावरच साचून राहतं. जमीन आणि भिंत मिळतात तो कोपरा गोल करून घ्या आणि नळ्यांभोवतीची जागा वेगळी भरा. गळती बहुधा तिथूनच होते. थर भिंतीवर किमान ३० सेंटिमीटर चढवा, शॉवरच्या भिंतीवर १.८ मीटरपर्यंत.

चाचणी २: थर वाळला की ट्रॅपचं तोंड बंद करा, दारात छोटा बांध घाला आणि सगळ्यात उंच भागातही दोन-तीन सेंटिमीटर पाणी उभं राहील इतकं भरा. भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ ओढा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा. ४८ तासांनी रेघ पाहा आणि खाली जाऊन छत पाहा. वाफ होऊन पाणी थोडं कमी होतंच, म्हणून शंका आली तर तेवढंच पाणी भरलेली एक बादली त्याच खोलीत ठेवून घट तुलना करा. बादलीपेक्षा बाथरूमचं पाणी ठळकपणे जास्त उतरलं तर आधी ट्रॅपचं बूच तपासा, मग थर. टाइल्सचं काम तोवर सुरू होत नाही.

टाइल्स. आधी भिंती, जमिनीलगतची एक ओळ सोडून. मग जमीन, मग ती राहिलेली ओळ. असं केल्याने जमिनीच्या टाइलवर भिंतीचं सिमेंट पडत नाही आणि सांधा पाण्याच्या बाजूने झाकला जातो. पहिली ओळ लावण्याआधी मिस्त्रीला कोरड्या टाइल्स मांडून दाखवायला सांगा. कापलेला तुकडा कुठल्या कोपऱ्यात येणार ते तेव्हाच ठरवता येतं. टाइल लागल्यावर नाण्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर खाली मसाला भरलेला नाही.

छत, दार, रंग, जोडण्या. छतातलं वायरिंग आणि पंख्याची नळी झाल्याशिवाय फॉल्स सीलिंग बंद करू नका, आणि गीझरच्या वर दुरुस्तीसाठी झडप ठेवा. दाराची उंची नव्या जमिनीवरून मोजायची, जुन्या मापाने आणलेलं दार खाली घासतं. रंगाचा शेवटचा हात जोडण्यांच्या आधी, पण सुतारकामाच्या नंतर. प्लास्टर आत ओलं असताना मारलेला रंग महिन्याभरात पापुद्र्यांनी सुटतो किंवा त्यावर पांढरे क्षार फुटतात, म्हणून भिंतीचा जो भाग टाइलखाली जात नाही तो शक्य तितका शेवटी रंगवा.

## टप्पा ६: बदल आणि उशीर हाताळताना

काम चालू असताना तुम्हाला काही बदलावंसं वाटेल. बदल सांगितल्यावर कंत्राटदाराकडून दोनच आकडे लेखी घ्या: किती पैसे वाढतील आणि किती दिवस. मोबाइलवरचा संदेश चालतो, पण दोन्ही आकड्यांशिवाय ‘करा’ म्हणू नका. ६ भागांचा कप्पा संपला की बदल बंद.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, कॅलेंडर घेऊन जागेवर बसा. विचारायचा प्रश्न ‘काम कुठवर आलं’ हा नाही, त्याचं उत्तर नेहमी ‘होत आलं’ असंच येतं. पुढच्या आठवड्यात कोण येणार आहे आणि त्याला लागणारी प्रत्येक वस्तू घरात आहे का, हे विचारा. प्लंबर दोन दिवस उशिरा आला तर टाइलवाल्याला त्याच दिवशी कळवा, नाहीतर तो ठरल्या दिवशी येऊन परत जातो आणि दोन दिवसांचा उशीर आठवड्यावर जातो.

## टप्पा ७: ताबा घेताना

शेवटचा हप्ता देण्याआधी सगळे नळ एकाच वेळी सोडा आणि पाणी किती वेगाने ओसरतं ते पाहा. बादलीभर पाणी जमिनीवर ओतून कुठे डबकं राहतं ते शोधा. बेसिनखालच्या सांध्यांवरून कोरडा कागद फिरवा. डोळ्यांना न दिसणारा पाझर कागद ओला करतो. गीझरचं अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच इलेक्ट्रिशियनकडून तुमच्यासमोर तपासून घ्या.

मागे ठेवलेली रक्कम दोन-तीन महिने रोजच्या वापरानंतर द्या, आणि त्याआधी खालच्या घरात जाऊन जुने फोटो हातात धरून छत पुन्हा पाहा. मोजपट्टीसकट काढलेले भिंतींचे फोटो, टाइलचा बॅच नंबर, वॉटरप्रूफिंगच्या साहित्याचं नाव आणि उरलेल्या चार-पाच टाइल्स एकत्र ठेवा. पुढे आरशासाठी भिंतीला भोक पाडायची वेळ आली की सर्वात आधी ते फोटो काढून पाहायचे.